केस उन्हात पांढरे झाले नाहीत, मग कशाने झाले?

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. शेती अकोट तालुक्यात, राहतो आम्ही अकोल्यात. घरात कोणताही निर्णय निघाला की ते म्हणतात, "हे केस म्या उन्हात पांढरे नाही केले." सध्या मुलीला शिकायला पुण्याला पाठवायचे की नाही हा विषय चालू आहे. वडिलांचे वाक्य आले की माझा मुलगा हळूच पुटपुटतो, "साठी, बुद्धी नाठी." दोन्ही म्हणी आपल्याच, मग खरी कोणती? वयाबरोबर शहाणपण वाढते का, आणि मानसशास्त्रज्ञ ते मोजतात तरी कसे?
— एक वाचक, जठारपेठ, अकोला

उत्तर : अकोल्याचा मे महिना पाहिला तर केस उन्हानेच पांढरे झाले असावेत अशी शंका कुणालाही येईल. पण वडिलांचा दावा तपासता येण्याजोगा आहे आणि नातवाचाही. गंमत अशी की दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत.

नातू बोलतो ते बुद्धीच्या वेगाबद्दल. नवे कोडे झटपट सोडवणे, एकाच वेळी चार आकडे डोक्यात धरणे, ऐकलेला नंबर लगेच म्हणून दाखवणे, हा वेग तरुणपणी सर्वांत जास्त असतो आणि पुढे हळूहळू उतरत जातो. हे साठीला अचानक होत नाही, उतार फार आधीच सुरू झालेला असतो. साठीला तो लोकांच्या नजरेत भरतो एवढेच. याउलट साठवलेले ज्ञान, म्हणजे शब्द, माणसांची पारख, व्यवहारातले बारकावे, हे सत्तरीच्या आसपासपर्यंत बऱ्यापैकी टिकते. म्हणून वडिलांना मोबाईलचे नवे अॅप समजायला वेळ लागतो, पण बाजारातला कोणता दलाल गोड बोलून फसवील हे ते लांबूनच ओळखतात. इथवर दोन्ही म्हणी आपापल्या जागी बरोबर आहेत.

मात्र वेग म्हणजे शहाणपण नाही, आणि साठवलेली माहितीही नाही. मग शहाणपण कशाला म्हणायचे? हा प्रश्न साधूसंतांवर न सोपवता मोजमापाच्या टेबलावर आणला तो पॉल बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत १९८०च्या दशकात त्याने आणि उर्सुला श्टाउडिंगर वगैरे सहकाऱ्यांनी हे काम सुरू केले. त्यांची व्याख्या साधी होती : ज्यांना एकच एक उत्तर नसते अशा जगण्यातल्या अवघड प्रश्नांची खोल जाण, आणि त्यांवर योग्य सल्ला देण्याची क्षमता. शांत स्वभाव, कमी बोलणे, पांढरी दाढी किंवा देवधर्म यांचा या व्याख्येत समावेश नव्हता.

मोजण्याची पद्धत अशी. माणसाला समोर बसवायचे आणि कुणा अनोळखी व्यक्तीची अडचण एका-दोन वाक्यांत सांगायची. मग म्हणायचे, "आता मोठ्याने विचार करा. इथे काय काय लक्षात घ्यायला हवे?" बोलणे ध्वनिमुद्रित होते, कागदावर उतरते, आणि प्रशिक्षण घेतलेले परीक्षक त्याला एक ते सात गुण देतात. गुण पाच बाबींवर, प्रत्येक बाबीवर वेगळे. बोलणारा म्हातारा की तरुण, याचा गुणांशी संबंध नसतो.

त्यांचा एक प्रश्न फार गाजला. एका पंधरा वर्षांच्या मुलीला ताबडतोब लग्न करायचे आहे. काय विचार करावा?

हा प्रश्न आपण वऱ्हाडात आणून पाहू. समजा, एक गृहस्थ म्हणाले, "काहीतरीच काय! पंधराव्या वर्षी लग्न? गुन्हा आहे तो. दोन शब्द सुनवा आणि शाळेत पाठवा." यात खोटे काही नाही. आपल्याकडे मुलीचे कायदेशीर वय १८ आहे आणि २००६च्या कायद्याने बालविवाह लावणाऱ्याला शिक्षा होते. तरी बर्लिनमध्ये या उत्तराला एक किंवा दोन गुण मिळतील. बहुतेकांचा गैरसमज होतो तो इथेच. गुण निष्कर्ष चुकला म्हणून कमी होत नाहीत. प्रश्न पुरता पाहण्याआधीच तो मिटवून टाकला, म्हणून कमी होतात.

आता समजा, शेजारच्या काकू बोलू लागल्या. "तिले पह्यले इचारा ना, तिले लग्न कायच्यासाठी पाह्यजे?" घरी बाप दारू पिऊन मारतो का? आई बिछान्याला खिळली आहे का? कुणाशी जुळले आहे, कुणी धमकावते आहे, की दिवस गेले आहेत? पंधरा वर्षांची पोर लग्न मागते तेव्हा पुष्कळदा तिला लग्न नको असते, त्या घरातून बाहेर पडायचे असते. माणसांविषयीची ही माहिती म्हणजे पहिली बाब. मग काकू म्हणतात, तिच्या आवडत्या मॅडमना बोलायला सांगा, आईबापाला सगळ्यांदेखत पाडून बोलू नका, घरचेच लग्न उरकायला निघाले असतील तर १०९८ला फोन करा किंवा गावात ग्रामसेवकाला गाठा, बालविवाह रोखण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. काय करायचे हे सगळ्यांना माहीत असते, कसे करायचे हे थोड्यांना. ही दुसरी बाब.

तिसरी बाब काळ आणि परिस्थिती पाहण्याची, आणि तुमच्या घरापुरती ती सर्वांत बोलकी आहे. काकू म्हणतात, "माझ्या सासूचं लग्न झालं तेव्हा ती पंधराचीच होती, आन ते रीतसर होतं." हे खरे आहे. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीचे वय १४ ठरवले, १९४९ साली ते १५ झाले, आणि १८ झाले ते थेट १९७८ साली. म्हणजे तुमचे वडील पंचविशीत होते तेव्हा हा प्रश्न बर्लिनमध्ये अवघड ठरला असता, पण अकोटच्या मंडपात तो प्रश्नच नव्हता. एकच घटना १९६५ साली एक असते आणि आज दुसरी. हे ओळखणाऱ्याला गुण मिळतात.

चौथी बाब थोडी निसरडी. दुसऱ्याची मूल्ये वेगळी असू शकतात हे समजून घेणे. याचा अर्थ "ज्याचे त्याचे बरोबर" असा नव्हे. मुलीच्या बापाला अब्रूची भीती का वाटते हे काकूंना कळते, तरीही त्या लग्नाला संमती देत नाहीत. समजून घेणे आणि मान्य करणे या दोन गोष्टी त्या वेगळ्या ठेवतात. पाचवी बाब म्हणजे अनिश्चितता. "मी सांगते त्यानं सगळं नीट होईलच असं नाही. पोरगी पळूनही जाईल. म्हणून तिच्याशी बोलणं तोडू नका." इतके झाले की काकू सहाच्या घरात जातात. अशी माणसे चाचणीत क्वचितच निघाली. पाचाच्या वर फार थोडे जातात.

आता तुमचा मूळ प्रश्न. वेगवेगळ्या वयाच्या शेकडो लोकांचे गुण कागदावर मांडले तेव्हा दिसले ते असे. चौदाव्या वर्षापासून विशीच्या सुरुवातीपर्यंत गुण भराभर चढतात. त्यानंतर सुमारे विसाव्यापासून पंच्याहत्तरीपर्यंत आलेख जवळजवळ आडवा. पुढे अगदी म्हातारपणी स्मृती आणि तब्येत साथ सोडू लागली की तो उतरतो. थोडक्यात, सरासरी सत्तर वर्षांचा माणूस सरासरी तीस वर्षांच्या माणसापेक्षा शहाणा निघाला नाही. पण कमीही निघाला नाही. बुद्धीचा वेग इतका घटूनही तो बरोबरीने उभा राहिला, हे काही थोडके नव्हे. म्हण म्हणून पाहाल तर वडिलांनी सामना जिंकलेला नाही, पण नातू हरला आहे.

मग गुण कशाने वाढत होते? एक गट सतत वर यायचा : लोकांच्या अडचणी ऐकणे हाच ज्यांचा धंदा, असे मानसोपचार करणारे मानसशास्त्रज्ञ. यावर कुणीही हसेल. परीक्षा काढणारे मानसशास्त्रज्ञ आणि पहिला नंबरही मानसशास्त्रज्ञांचा! ही शंका संशोधकांनाही आली. त्यांनी बर्लिनमधल्या जाणत्या लोकांना विचारले, तुम्हाला शहाणे कोण वाटते? ज्यांची नावे आली ती बहुतेक वयस्क आणि मानसशास्त्राशी संबंध नसलेली माणसे होती. त्यांचीही तीच परीक्षा घेतली आणि ती माणसे मानसशास्त्रज्ञांच्या तोडीस तोड ठरली. शहाणी म्हणून निवडलेली माणसे वयस्क होती, पण म्हणून वयस्क माणसे शहाणी ठरत नाहीत. दिवाळीत बाहेर पडलेला प्रत्येक माणूस नवे कपडे घालतो म्हणून नवे कपडे घातल्याने दिवाळी येत नाही, तसे.

आपल्याकडे कुणी असे नाव विचारले तर अमरावतीपासून अकोल्यापर्यंत पहिले नाव गाडगेबाबांचे येईल. डोळ्यांपुढे उभे राहतात ते चिंध्या पांघरलेले, डोक्यावर गाडगे घेतलेले, पांढऱ्या दाढीचे बाबा. पण त्यांनी घर सोडले ते १९०५ साली, तिशीच्या आत. फोटो नंतरचे आहेत, समज आधीची.

अनुभवाचे काय, असे वडील विचारतील. अनुभव लागतोच, पण तो आपोआप मुरत नाही. ऑस्ट्रियातल्या युडिथ ग्ल्युक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांकडून त्यांच्या आयुष्यातले कठीण प्रसंग ऐकून घेतले आणि ते प्रसंग कसे सांगितले जातात ते पाहिले. फरक प्रसंगात नव्हता, त्यावर केलेल्या विचारात होता. आपल्या भाषेत सांगायचे तर दुबार पेरणी दोघांवरही आली. पहिल्या सरीला भुलून पेरले, पाऊस दडला, बियाणे गेले. एक जण तीस वर्षे बियाण्याच्या दुकानदाराला शिव्या देतो. दुसरा त्याच वर्षी स्वतःला विचारतो, "जमिनीत पुरती ओल नव्हती, हे मला दिसत होते. मग मी घाई का केली?" केस दोघांचेही पांढरे झाले. दुसऱ्याच्या केसांना मात्र काही कारण आहे.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते, पण २०१०मध्ये इगॉर ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी वेगळा निकाल आणला. त्यांनी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या लोकांना दूरच्या देशातल्या दोन गटांच्या भांडणाच्या बातम्या वाचायला दिल्या आणि "पुढे काय होईल?" असे विचारले. दुसऱ्या बाजूने पाहणे, तडजोड शोधणे, आपल्याला कळत नाही हे कबूल करणे, या बाबतींत साठीच्या पुढचे लोक तरुणांपेक्षा सरस ठरले. म्हणजे वडिलांच्या बाजूनेही साक्षीदार आहे. पुढे त्याच गटाने जपानमध्ये हेच करून पाहिले. तिथे वयाचा फरक जवळजवळ दिसला नाही, कारण जपानी तरुणच भांडणाच्या दोन्ही बाजू पाहून बोलत होते. एकमेकांना सांभाळून घ्यायचे वळण जिथे लहानपणीच लागते, तिथे म्हातारपणाची वाट पाहावी लागत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला.

दोन निकाल जुळत नाहीत, कारण मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. शिवाय सगळ्याच पट्ट्यांना एक खोट आहे. आजचा तिशीचा आणि आजचा सत्तरीचा माणूस शेजारी बसवले की वयाबरोबर पिढीही बदलते. एकाने पदवी घेतलेली, दुसरी चौथीत शाळा सोडून निंदणाला गेलेली. फरक वयाने पडला की शाळेने, हे अशा तुलनेत सुटे करता येत नाही. आणि "मोठ्याने विचार करा" ही अटच आपल्या माणसांना जड जाते. आमच्या ओळखीचे एक आबाजी होते. भावकीची वाटणी असो की सोयरीक, सगळे ऐकून घ्यायचे, अडकित्त्याने सुपारी कातरायचे आणि शेवटी म्हणायचे, "पाहू ना बापा." बर्लिनच्या परीक्षकाने त्यांना एक गुण दिला असता. त्या "पाहू"च्या आत पाचही बाबी असतील किंवा काहीच नसेल, बाहेरून कळायला मार्ग नाही.

स्वतःचे गुण स्वतः द्यायची चाचणीही आहे. डॉ. दिलीप जेस्ते हे मूळचे आपले मराठी मानसोपचारतज्ज्ञ. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले आणि सॅन दिएगोच्या विद्यापीठात वार्धक्यावर काम केले. त्यांच्या गटाने २४ विधानांची अशी प्रश्नावली केली. २००८ साली डॉ. इप्सित वाहिया यांच्याबरोबर त्यांनी भगवद्गीतेतही शोध घेतला. जिथे जिथे शहाणपणाचा उल्लेख येतो ती ठिकाणे काढून त्यांतून काय अर्थ निघतो ते पाहिले. जगण्याची जाण, भावनांवर ताबा, करुणा, नम्रता हे आजच्या संशोधनाशी जुळले. इच्छांवरचा ताबा आणि ईश्वरप्रेम मात्र गीतेतच ठळक निघाले. प्रश्नावलीची अडचण तुमच्या लक्षात आलीच असेल. "मी दुसऱ्याचे म्हणणे समजून घेतो" या विधानाला सर्वांत जोराने "हो" म्हणणारा माणूस कोण असतो, हे प्रत्येक सोसायटीच्या वार्षिक सभेत दिसते.

तेव्हा वडिलांचे वय बाजूला ठेवा आणि पुण्याच्या विषयावर ते काय बोलतात ते ऐका. "मुलीची जात, पाठवायची नाही" एवढेच म्हणत असतील तर त्यात केसांचा उपयोग झालेला नाही. पण "हॉस्टेलचा खर्च दोन वर्षे कापूस पडेल त्या भावात बसवता येईल का, तिथे करमले नाही तर परत यायला तिला लाज वाटू नये असे काय करू, आणि मी नाही म्हणतो ते तिच्यासाठी की माझ्या भीतीपोटी" असे काही त्यांच्या तोंडून निघाले, तर नातवाला गप्प बसवा. नातू असेच काही बोलला तर वडिलांना. चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ज्ञानेश्वरांना मायना काय लिहावा हे ठरेना, म्हणून त्यांनी कोरे पत्र पाठवले आणि चिमुरड्या मुक्ताबाईने त्यांच्या कोरेपणावर बोट ठेवले. चांगदेवांनी पुढे त्याच मुलीला गुरू केले. ते चौदाशे वर्षांत झाले नव्हते, त्या एका पत्रानंतर झाले.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मालटेकडीवर फिरायला येणाऱ्या बायका घरची भांडणे घेऊन माझ्याकडे येतात आणि माझा सल्ला त्यांना लागू पडतो. पण माझ्या घरी सून आणि मी यांच्यात काही झाले की मी अगदी शाळकरी मुलीसारखी वागते. मी ढोंगी आहे का?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : नाही. बाई, तुमच्या दुखण्याला नावही आहे. दुसऱ्यांचे न्याय करण्यात नामांकित, पण स्वतःच्या घरात गोंधळ घालणारा राजा म्हणून सॉलोमनची ख्याती. त्याच्यावरून ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांनी २०१४ साली याला सॉलोमनचा विरोधाभास म्हटले.

त्यांनी जोडीदार असलेल्या माणसांचे गट केले. काहींना सांगितले, तुमच्या जोडीदाराने तुम्हाला फसवले अशी कल्पना करा. इतरांना सांगितले, तुमच्या मित्राला त्याच्या जोडीदाराने फसवले अशी करा. मग दोघांच्याही विचारांना तेच निकष लावले : समोरच्याची बाजू पाहिली का, आपल्याला सगळे ठाऊक नाही हे मानले का, तडजोड शोधली का. मित्राबद्दल बोलणारी माणसे शहाणी होती, स्वतःबद्दल बोलणारी घसरली. तुमच्यासाठी महत्त्वाचे पुढे आहे. साठी ते ऐंशी वयाच्या लोकांतही हा फरक तरुणांइतकाच निघाला. म्हणजे इथे वयाने मदत केली नाही.

मदत झाली ती एका छोट्या युक्तीने. स्वतःच्या प्रसंगाचा विचार "मी" न म्हणता, तिऱ्हाईताचा करावा तसा, स्वतःचे नाव घेऊन करायला सांगितले, तेव्हा फरक मिटला. कारण सरळ आहे. "मी" म्हटले की अपमान आधी उभा राहतो आणि नजर तिथेच अडकते. नाव घेतले की तुम्हीही मालटेकडीवर आलेल्या बायकांपैकी एक होता, आणि त्यांचे काय करायचे हे तुम्हाला चांगले जमते. अर्थात हे प्रयोग बहुतेक काल्पनिक प्रसंगांवरचे आहेत. सुनेने कणीक सैल भिजवली म्हणून झालेल्या खऱ्या भांडणात युक्ती किती वेळ टिकते, हे तुम्हीच कळवा.

बर्लिनचा आणखी एक प्रयोग तुमच्या उपयोगाचा आहे. १९९६ साली तिथे माणसांना ओळखीचे कुणीतरी बरोबर आणायला सांगितले. अडचणीवर दोघांनी बोलायचे, आणि नंतर उत्तर देण्याआधी थोडा वेळ एकट्याने गप्प बसून विचार करायचा. एवढ्यानेच गुण चांगले वाढले, आणि अशा प्रत्यक्ष बोलण्याचा फायदा तरुणांपेक्षा वयस्कांना जास्त झाला. नुसती मनातल्या मनात कुणाशी तरी केलेली चर्चाही कामी आली. पहिला भाग मालटेकडीवर रोज होतो, म्हणजे बोलणे. एकट्याने बसायचा भाग मात्र राहून जातो, कारण तिथून उतरताना वाटेत कुणीतरी भेटतेच.